चार सारांश, एक तक्ता

गेल्या मे महिन्यात आमच्या ओळखीच्या एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. शाळा सांभाळून त्या एम.एड. करीत आहेत. प्रकल्पाचा विषय त्यांना शाळेशेजारच्या अंगणवाडीत मिळाला होता. तिथे लहान मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा पाजतात. पालकांच्या सभेत एका आईने विचारले, "हे औषध डोळ्यांसाठी ना? माझ्या पोराचे डोळे तर चांगले आहेत. मग त्याला कशाला?" बाईंनी कुठेतरी वाचले होते की या मात्रेमुळे बालमृत्यूही कमी होतात. पण खात्रीने सांगता येईना. म्हणून त्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेल्या. तिथले बांधीव खंड घरी नेता येत नाहीत, तेव्हा ग्रंथपालांची परवानगी घेऊन त्यांनी चार शोधनिबंधांच्या सारांशांचे मोबाइलवर फोटो काढले. घरी येऊन एकेका सारांशावर एकेक परिच्छेद लिहिला आणि मार्गदर्शकांना दाखवला. त्यांनी तो परत केला. समासात एकच वाक्य होते : "ही चार निबंधांची ओळख झाली. आढावा कुठे आहे?"

आढावा म्हणजे तुलना. तुलना करायची तर चारही निबंधांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारावे लागतात, आणि उत्तरे एकाखाली एक मांडावी लागतात. यासाठी संशोधक एक साधा तक्ता वापरतात. आडव्या ओळीत एकेक अभ्यास, उभ्या स्तंभांत उद्देश, पद्धत, नमुना आणि निष्कर्ष. बाईंच्या त्या चार फोटोंवरून असा तक्ता आम्ही दोघांनी मिळून कसा केला, कुठे फसलो आणि शेवटी हाती काय लागले, ते इथे सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

'अ' जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात आणि पुढे बुबुळ खराब होऊन अंधत्व येते, हे पूर्वीपासून माहीत होते. भारतात १९७० साली मुलांना मोठी मात्रा द्यायला सुरुवात झाली, ती अंधत्व टाळण्यासाठीच. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांचे सहकारी इंडोनेशियात याच विकारावर काम करीत होते. १९८३ साली त्यांनी दाखवले की ज्या मुलांच्या डोळ्यांत या कमतरतेची सौम्य लक्षणे दिसतात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण इतर मुलांच्या सरासरी चौपट असते. पण एवढ्यावरून मृत्यूचे कारण ही कमतरताच, असे म्हणता येत नाही. ही मुले अधिक गरीब, अधिक कुपोषित असू शकतील. मात्रा देऊन पाहिल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हते. बाईंचे चारही निबंध म्हणजे असे 'देऊन पाहण्याचे' प्रयोग आहेत.

फोटो कसा घ्यावा

बाईंचे फोटो घाईत काढलेले होते, आणि त्यातून झालेल्या चुका फार बोलक्या होत्या. नेपाळच्या निबंधापुढे त्यांच्या वहीत 'नमुना : ६३० मुले' असे लिहिलेले होते. 'लॅन्सेट' या नियतकालिकात मोठ्या संख्येत स्वल्पविराम देत नाहीत, बारीक मोकळी जागा सोडतात. मूळ संख्या '२८ ६३०' अशी छापलेली होती. पान खंडाच्या शिवणीकडे वळलेले असल्यामुळे '२८' सावलीत गेले होते. म्हणजे अठ्ठावीस हजार मुले एका सावलीत नाहीशी झाली.

दुसरी चूक दशांशचिन्हाची. याच नियतकालिकात दशांशचिन्ह ओळीच्या तळाशी नसते, मधोमध वर छापतात : ०·७० असे. अंधुक फोटोत तो ठिपका दिसत नाही आणि ०७० उरते. बाईंनी ते ७० टक्के समजून 'मृत्यू ७० टक्क्यांनी घटले' असे लिहिले होते. प्रत्यक्षात ते मृत्यूच्या धोक्याचे गुणोत्तर होते. मात्रा मिळालेल्या मुलांतला धोका इतरांच्या ०.७० पट, म्हणजे घट ३० टक्के.

म्हणून प्रत्येक निबंधाचे दोन फोटो घ्यावेत. पहिला पूर्ण पानाचा, ज्यात नियतकालिकाचे नाव, वर्ष, खंड आणि पृष्ठक्रमांक दिसतो. हे नसेल तर सहा महिन्यांनी तो सारांश कुठला होता ते आपल्यालाच सांगता येत नाही. दुसरा फोटो फक्त सारांशाचा, जवळून घेतलेला. पान गुळगुळीत असल्यास मोबाइलचा दिवा बंद ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो घ्यावा, कारण चकाकीचा पांढरा डाग नेमका आकड्यावर पडतो. शिवणीकडचा भाग हलक्या हाताने दाबून धरावा. पानाच्या कडेला १, २, ३ असे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवली, तर तो क्रमांक फोटोतच येतो आणि पुढे तक्त्यातल्या ओळीलाही तोच देता येतो. आकडे उतरवून झाल्यावर ते एकदा पडताळावेत. वैद्यकीय निबंधांचे बहुतेक सारांश 'पबमेड' या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. तिथला मजकूर आणि आपला फोटो जुळतो का ते पाहावे.

तक्ता भरताना

पहिला नियम असा की निबंधकारांचे वाक्य उतरवायचे नाही, आपल्या प्रश्नाचे उत्तर लिहायचे. उद्देशाच्या स्तंभाचा प्रश्न आहे 'त्यांना काय तपासायचे होते?' पद्धतीचा प्रश्न आहे 'कुणाला काय दिले, किती दिले, आणि कुणाला काय मिळेल हे कसे ठरवले?' नमुन्याचा प्रश्न आहे 'कुठली, किती वयाची, किती मुले?' आणि निष्कर्षाचा प्रश्न आहे 'किती फरक पडला?' 'लक्षणीय फरक पडला' हे या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. आकडा हवा. आकडा सारांशात नसेल तर 'सारांशात नाही' असे लिहावे. घर रिकामे ठेवू नये, कारण रिकाम्या घराचा अर्थ 'पाहायचे राहिले' असाही होतो.

दुसऱ्या खेपेला तयार झालेला आमचा तक्ता असा होता :

| अभ्यास | उद्देश | पद्धत | नमुना | निष्कर्ष |
|---|---|---|---|---|
| १. आचे, इंडोनेशिया (लॅन्सेट, १९८६) | मात्रेमुळे बालमृत्यू कमी होतात का? | ४५० गावांची यादृच्छिक विभागणी. २ लाख एकके, सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा. दुसऱ्या गटाला काही नाही | तपासणी २५,९३९ मुलांची. मृत्यूची तुलना १२ ते ७१ महिन्यांच्या २१,१५० मुलांत | मृत्यू हजारी ४.९, मात्रा नसलेल्या गावांत ७.३ |
| २. तमिळनाडू (न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, १९९०) | दर आठवड्याला छोटी मात्रा दिली तर मृत्यू कमी होतात का? | यादृच्छिक, अंध. दर आठवड्याला ८,३३३ एकके आणि 'ई' जीवनसत्त्व. दुसऱ्या गटाला नुसते 'ई'. एक वर्ष | शाळेत न जाणाऱ्या वयाची १५,४१९ मुले. कुपोषण आणि 'अ'ची कमतरता मोठी | गुणोत्तर ०.४६ (०.३० ते ०.७१) |
| ३. हैदराबाद परिसर (लॅन्सेट, १९९०) | मोठ्या मात्रेचा आजारपणावर आणि मृत्यूवर काय परिणाम होतो? | दुहेरी अंध. दर सहा महिन्यांनी २ लाख एकके. दुसऱ्या गटाला प्लासिबो | शाळेत न जाणाऱ्या वयाची १५,७७५ मुले | दोन्ही गटांत मृत्युदर सारखा. आकडा सारांशात नाही |
| ४. सरलाही, नेपाळ (लॅन्सेट, १९९१) | आधीच्या प्रयोगांतील विसंगतीचा निकाल लावणे | प्रशासकीय वॉर्डांची यादृच्छिक विभागणी, दुहेरी अंध. दर चार महिन्यांनी ६०,००० रेटिनॉल समतुल्य. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, अगदी अल्प मात्रेच्या कॅप्सूल | ६ ते ७२ महिन्यांची २८,६३० मुले | १२ महिन्यांनंतर गुणोत्तर ०.७० (०.५६ ते ०.८८), दोन वर्षांचा प्रयोग थांबवला |

तक्त्यातले काही शब्द उलगडून सांगायला हवेत. 'यादृच्छिक' म्हणजे कुणाला मात्रा मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोपवलेले. 'प्लासिबो' म्हणजे दिसायला औषधासारखेच, पण त्यात औषध नसते. 'दुहेरी अंध' म्हणजे कुणाला खरे औषध मिळाले हे पालकांनाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. कंसातल्या दोन आकड्यांना विश्वासमर्यादा म्हणतात. प्रयोगातील मुले थोडी असली तर योगायोगाने आकडा वर-खाली होऊ शकतो. खरे गुणोत्तर साधारणपणे कुठून कुठपर्यंत असू शकेल, ते या मर्यादा सांगतात.

या मर्यादांचा उतरवणीची चूक शोधायलाही उपयोग होतो. दोन्ही मर्यादांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले, की मधले गुणोत्तर जवळजवळ मिळते. नेपाळसाठी ०.५६ × ०.८८ = ०.४९२८, आणि त्याचे वर्गमूळ ०.७०. तमिळनाडूसाठी ०.३० × ०.७१ = ०.२१३, वर्गमूळ ०.४६. गुणोत्तराच्या मर्यादा लॉगॅरिदमच्या मापावर काढतात आणि त्या मापावर त्या मधल्या आकड्यापासून सारख्याच अंतरावर असतात, म्हणून हे जमते. फोटोत ०.८८ चे ०.६८ दिसले असते तर वर्गमूळ ०.६२ आले असते आणि चूक तिथेच सापडली असती. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून हे जरूर करून घ्यावे.

स्तंभ वरून खाली वाचायचा

तक्ता भरून झाला की पुष्कळ जण तो ओळीने वाचतात : पहिला अभ्यास, मग दुसरा अभ्यास. तसे केले तर पुन्हा चार निबंधांची ओळखच होते. वाचायचा तो स्तंभ, वरून खाली.

नमुन्याचा स्तंभ घ्या. पहिल्या ओळीत दोन संख्या आहेत. सारांशाच्या सुरुवातीला २५,९३९ मुले येतात, पण मृत्यूची तुलना मात्रा मिळालेल्या गावांतील १०,९१९ आणि बाकीच्या गावांतील १०,२३१ अशा २१,१५० मुलांची आहे. सुरुवातीची मोठी संख्या नमुना म्हणून लिहिली की निष्कर्ष ज्या मुलांवर उभा आहे त्यांच्यापेक्षा जास्त मुलांवर तो उभा असल्याचा भास होतो. म्हणून या स्तंभात नेहमी शेवटच्या भागाकारातला छेद शोधावा.

पद्धतीच्या स्तंभात मात्रेची मापे तीन प्रकारची होती. तमिळनाडूच्या सारांशात मायक्रोमोल आणि कंसात आंतरराष्ट्रीय एकके, नेपाळच्या सारांशात रेटिनॉल समतुल्य, बाकी दोघांत एकके. एक रेटिनॉल समतुल्य म्हणजे ३.३३ एकके, तेव्हा नेपाळची ६०,००० म्हणजे २ लाख एककेच झाली. आता वर्षाचा हिशेब करून पाहा. हैदराबादला वर्षातून दोनदा २ लाख, म्हणजे ४ लाख. नेपाळला तीनदा, म्हणजे ६ लाख. तमिळनाडूला आठवड्याला ८,३३३, म्हणजे बावन्न आठवड्यांत सुमारे ४ लाख ३३ हजार. तमिळनाडूची 'छोटी' मात्रा आणि हैदराबादची 'मोठी' मात्रा यांची वर्षाची बेरीज जवळपास सारखीच निघते. वेगळा आहे तो देण्याचा ठेका. हे कुठल्याही एका सारांशात लिहिलेले नाही. स्तंभ खाली वाचला तेव्हाच ते दिसले.

निष्कर्षाच्या स्तंभात आम्ही स्वतः कधीकाळी फसलो होतो. आचेच्या सारांशात म्हटले आहे की मात्रा नसलेल्या गावांत मृत्यूचे प्रमाण ४९ टक्क्यांनी जास्त होते. एका व्याख्यानात आम्ही सांगितले, "आचेमध्ये मृत्यू ४९ टक्क्यांनी घटले, नेपाळमध्ये ३०." मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने फळ्यावरच्या आकड्यांवरून भागाकार केला आणि विचारले, "सर, ७.३ वरून ४.९ म्हणजे निम्मे कसे झाले?" त्याचे बरोबर होते. ४.९ पासून मोजले तर ७.३ हे ४९ टक्क्यांनी जास्त आहे. पण ७.३ पासून मोजले तर ४.९ हे सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे. फरक तोच, पाया वेगळा. नेपाळची ३० टक्के घट प्लासिबोच्या गटापासून मोजलेली आहे, तेव्हा आचेचीही तशीच मोजायला हवी. एकाच स्तंभात सर्व आकडे एकाच पायावर आणावे लागतात. तसे केल्यावर आचे आणि नेपाळ शेजारीशेजारी आले : दोन्हीकडे साधारण तिसरा हिस्सा घट.

दोन निबंध, दोन उत्तरे

आता खरी अडचण. तमिळनाडूत धोका निम्म्याहूनही कमी झाला, आणि त्याच वर्षी छापलेल्या हैदराबादच्या अभ्यासात काहीच फरक पडला नाही. दोन्ही अभ्यास भारतातले, दोन्हींत पंधरा हजारांच्या वर मुले. बाईंनी पहिल्या मसुद्यात लिहिले होते : "संशोधकांत मतभेद आहेत." विद्यार्थ्यांच्या आढाव्यांत हे वाक्य फार वेळा आढळते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'पुढे शोधले नाही' एवढाच असतो. निष्कर्षाच्या स्तंभात विसंगती दिसली की डावीकडे सरकून नमुना आणि पद्धत यांत कारण शोधायचे, त्यासाठीच हा तक्ता आहे.

हैदराबादच्या घरात आम्ही 'आकडा सारांशात नाही' असे लिहिले होते. त्या घरामुळेच बाईंना पुन्हा ग्रंथालयात जाऊन पूर्ण निबंध पाहावा लागला. तिथे, आणि नंतर या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करणाऱ्या अहवालांत, जे मिळाले त्यावरून गुणोत्तर १.०० आणि मर्यादा सुमारे ०.६५ ते १.५५ अशा निघतात. या मर्यादांकडे नीट पाहा. त्यात १.०० आहे, म्हणजे 'काही फरक नाही' हे शक्य आहे. पण त्यात ०.७० सुद्धा आहे, म्हणजे नेपाळइतकी ३० टक्के घट झाली असती तरी या प्रयोगाला ती खात्रीने दिसली नसती. 'परिणाम नाही' आणि 'परिणाम दिसला नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. हैदराबादचा अभ्यास दुसरे विधान करतो.

मर्यादा एवढ्या रुंद का? मुले तर तमिळनाडूइतकीच होती. कारण असे की या हिशेबात मुलांच्या संख्येपेक्षा मृत्यूंची संख्या मोलाची असते. तमिळनाडूत १२५ मृत्यू झाले. हैदराबादला दोन्ही गट मिळून ऐंशीच्या आसपास. मृत्यू कमी झाले ही आनंदाचीच गोष्ट, पण तुलनेला आधार मात्र थोडा उरला. इथे आम्ही तक्त्यात पाचवा स्तंभ वाढवला : 'एकूण मृत्यू'. तक्ता आधी आखून ठेवला तरी तो असा वाढू द्यावा लागतो. चार अभ्यासांत फरक कशाने पडतो हे कळले, की त्या गोष्टीचा स्तंभ करायचा आणि चारही सारांश पुन्हा वाचून तो भरायचा.

हैदराबादच्या सारांशात शेवटी आणखी एक वाक्य आहे, आणि बाईंनी ते पहिल्या वाचनात सोडून दिले होते. सर्वांत जास्त मृत्युदर अशा मुलांत होता, ज्यांना एकही मात्रा पोहोचली नाही, ना 'अ' जीवनसत्त्वाची ना प्लासिबोची. हे वाचून थांबायला हवे. प्लासिबोत औषध नसते, तरीही ती घेणाऱ्या मुलांपेक्षा न घेणारी मुले जास्त दगावली. म्हणजे फरक औषधाचा नव्हता. वाटणारा कार्यकर्ता ज्या मुलांपर्यंत पोहोचत नाही ती मुले आजारी असतात, स्थलांतरित कुटुंबांतली असतात, वस्तीच्या कडेला राहतात. ती मुळातच अधिक धोक्यात असतात. समजा, एखाद्याने नुसती 'मात्रा घेतलेली' आणि 'न घेतलेली' मुले यांची तुलना केली, तर 'अ' जीवनसत्त्वाला न कमावलेले श्रेय मिळेल. पद्धतीच्या स्तंभात 'दुसऱ्या गटाला काय दिले' हे का लिहायचे, ते या एका वाक्यावरून कळते. आचेच्या ओळीत 'काही नाही' असे आहे, म्हणून त्या निष्कर्षापुढे आम्ही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले. ते प्रश्नचिन्ह नेपाळच्या ओळीमुळे बरेचसे पुसले जाते. तिथे दोन्ही गटांना सारख्याच कॅप्सूल मिळत होत्या, तरीही घट तेवढीच आली.

तमिळनाडूतली घट इतकी मोठी का, याचे एक संभाव्य कारण नमुन्याच्या घरात आहे. सारांशातच म्हटले आहे की त्या मुलांत कमतरता आणि कुपोषण मोठ्या प्रमाणात होते, आणि तीन वर्षांखालील व दीर्घकाळ कुपोषणामुळे खुरटलेल्या मुलांना फायदा सर्वाधिक झाला. जिथे कमतरता जास्त, तिथे ती भरून काढण्याचा लाभ जास्त, हे पटण्यासारखे आहे. पण चार ओळींवरून ते सिद्ध होत नाही. तक्ता कारण सुचवतो, सिद्ध करत नाही.

पाचवी ओळ

तक्ता इथेच थांबवला असता तर बाईंचा आढावा १९९१ सालीच थांबला असता. म्हणून त्यांना आणखी एक सारांश शोधायला सांगितले. २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये उत्तर प्रदेशातला एक प्रचंड प्रयोग प्रसिद्ध झाला. 'देवता' या नावाने तो ओळखला जातो. त्यात सुमारे दहा लाख मुले होती, आणि विकासखंडांची यादृच्छिक विभागणी करून अंगणवाड्यांमार्फत दर सहा महिन्यांनी मात्रा दिली होती. गुणोत्तर आले ०.९६, मर्यादा ०.८९ ते १.०३.

ही ओळ हैदराबादसारखी दिसते, पण तशी नाही. इथे मर्यादा अगदी अरुंद आहेत आणि त्यांत ०.७० बसत नाही. म्हणजे त्या काळात, त्या ठिकाणी, त्या पद्धतीने दिलेल्या मात्रेने तिसरा हिस्सा मृत्यू टळले नाहीत, हे नक्की. पुन्हा डावीकडे सरकायचे. हा प्रयोग १९९९ ते २००४ या काळातला. नेपाळचे संशोधक सरलाहीत स्वतःची यंत्रणा उभारून काम करीत होते, इथे नेहमीच्या अंगणवाडी व्यवस्थेतून वाटप झाले. मात्रा खरोखर किती मुलांपर्यंत पोहोचली, यावर टीकाकारांनी शंका घेतली आणि संशोधकांनी तिला उत्तरेही दिली. २०१७ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात, या प्रयोगासह एकोणीस प्रयोगांचे आकडे एकत्र केल्यावर, मृत्यूच्या धोक्यात १२ टक्के घट निघाली (गुणोत्तर ०.८८, मर्यादा ०.८३ ते ०.९३). १९९३ साली आठ प्रयोगांच्या एका विश्लेषणात ती २३ टक्के निघाली होती.

तक्त्यावरून परिच्छेद

बाईंनी नंतर लिहिलेला परिच्छेद एकेका निबंधाबद्दल नव्हता. त्याची पहिली वाक्ये अशी होती : "ज्या समाजात 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता मोठी होती, तिथल्या यादृच्छिक प्रयोगांत मात्रेमुळे बालमृत्यू घटल्याचे आढळले (१, २, ४). एका प्रयोगात फरक दिसला नाही, पण त्यात मृत्यूंची संख्या कमी असल्याने मध्यम घट नाकारता येत नाही (३). नंतरच्या मोठ्या प्रयोगात घट झालीच असेल तर फारच थोडी आहे (५)." कंसातले क्रमांक तक्त्यातल्या ओळींचे, म्हणजेच फोटोतल्या चिठ्ठ्यांचे. परिच्छेदातले प्रत्येक वाक्य एकाहून अधिक ओळींचा आधार घेते किंवा एका ओळीचा वेगळेपणा सांगते. समासातल्या त्या प्रश्नाचे हे उत्तर होते.

या तक्त्याची एक मर्यादा लक्षात असू द्यावी. सारांश म्हणजे निबंध नव्हे. सारांशात निबंधकारांना महत्त्वाचे वाटले तेवढेच येते. हैदराबादचे गुणोत्तर त्यात आले नाही, आणि आचेच्या ४९ टक्क्यांचा पाया वाचणाऱ्यालाच शोधावा लागला. म्हणून फोटोंवरून केलेला तक्ता हा वाचनाचा आराखडा समजावा. ज्या घरात 'सारांशात नाही' लिहिले असेल आणि ज्या ओळी एकमेकींशी जुळत नसतील, तिथले पूर्ण निबंध मिळवायचे. बाईंना पाचांपैकी दोनच निबंध पूर्ण वाचावे लागले. कोणते दोन, ते तक्त्यानेच सांगितले.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पालकसभेत त्या आईची पुन्हा गाठ पडली. बाईंनी तिला सांगितले, "डोळ्यांसाठी आहेच. पण ज्या मुलांच्या अंगात हे जीवनसत्त्व कमी असते ती इतर आजारांनीही जास्त दगावतात, आणि कमी आहे की नाही हे चांगल्या डोळ्यांवरून कळत नाही. मृत्यू नेमके किती कमी होतात याचे आकडे ठिकाणाप्रमाणे वेगवेगळे आहेत. सगळे मिळून पाहिले तर थोडे कमी होतात." त्या आईने विचारले, "थोडे म्हणजे किती?" बाईंनी पिशवीतून तक्ता काढला.